हजार आणि एक हजार चोवीस: पेजिंगच्या गणितात उत्तर नेमकं कुठे चुकतं?

*मॅडम, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेटची तयारी सुरू केली आहे आणि पुढे एम्बेडेडमध्ये काम करायची इच्छा आहे. पेजिंगची थिअरी मला पाठ आहे, पण गणितं सुटत नाहीत. कालचंच उदाहरण सांगते. पेज साइज १ केबी, लॉजिकल अ‍ॅड्रेस ३५००, पेज ३ हे फ्रेम ९ मध्ये. माझं उत्तर ९७१६ आलं, पुस्तकात ९६४४ आहे. तीनदा केलं तरी ९७१६च. ऑपरेटिंग सिस्टिमचा हा भाग सोडून देऊन डेटाबेस आणि सी पक्कं केलं तर चालेल का?*
*— एक विद्यार्थिनी, सांगली*

चि. विद्यार्थिनीस,

तू दोन्ही उत्तरं लिहून पाठवलीस हे फार बरं केलंस, कारण ९७१६ हा आकडा पाहूनच तुझी चूक कुठे झाली ते कळतं. ९७१६ मधून ९२१६ वजा केले की ५०० उरतात. ९२१६ म्हणजे ९ गुणिले १०२४. म्हणजे फ्रेमची सुरुवात तू बरोबर काढलीस. चुकला तो ऑफसेट. ३५०० चे तू ‘३’ आणि ‘५००’ असे दोन तुकडे केलेस. पेज नंबर योगायोगाने बरोबर आला, म्हणूनच तीनदा तपासूनही चूक तुझ्या नजरेस पडली नाही.

समुपदेशन सुरू करण्याआधी मी अकरा वर्षं हाच विषय शिकवला आहे. ही चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. ती निष्काळजीपणाची नाही. तुझ्या हाताने जे केलं त्यामागचा विचार बरोबर होता, फक्त तो दशमान पद्धतीत केला गेला. पेज साइज १००० बाइट असती, तर शेवटचे तीन अंक बाजूला काढले की ऑफसेट मिळाला असता आणि उरलेला अंक पेज नंबर ठरला असता. कॉम्प्युटर अगदी हेच करतो, पण बायनरीत. १ केबी म्हणजे १०२४ बाइट, म्हणजे २ चा १० वा घात. म्हणून तिथे शेवटचे तीन अंक नव्हे, तर शेवटचे दहा बिट बाजूला निघतात.

तुझं उदाहरण आता पूर्ण टेबल घेऊन करू. समज, लॉजिकल अ‍ॅड्रेस स्पेस ८ पेजची आहे आणि मेमरीत १६ फ्रेम आहेत. टेबल असं धरू:

```
page   frame   valid
0      5       1
1      12      1
2      -       0
3      9       1
4      0       1
5      3       1
6      -       0
7      14      1
```

३५०० ला १०२४ ने भाग दिला की भागाकार ३ येतो. ३ गुणिले १०२४ म्हणजे ३०७२. ३५०० मधून ते गेले की बाकी ४२८. पेज ३, ऑफसेट ४२८. टेबलच्या ३ नंबरच्या ओळीत व्हॅलिड बिट १ आहे आणि फ्रेम ९ आहे. फ्रेम ९ सुरू होते ९२१६ ला. त्यात ४२८ मिळवले की ९६४४.

हेच बायनरीत लिहून पाहा. या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी:

```
3500 = 011  0110101100
9644 = 1001 0110101100
```

उजवीकडचे दहा बिट दोन्ही ओळींत तंतोतंत सारखे आहेत. डावीकडचा ०११, म्हणजे ३, जाऊन तिथे १००१, म्हणजे ९, आला. एवढंच घडलं. भागाकार, गुणाकार, बेरीज यांतलं हार्डवेअर काहीच करत नाही. खालचे दहा बिट जसेच्या तसे पुढे जातात. वरचे तीन बिट टेबलकडे जातात आणि तिथून चार बिट परत येतात. आपण भागाकार करतो तो केवळ आकडे दशमानात लिहिलेले असतात म्हणून.

एसटीच्या आरक्षणाचं बघ. वाटेत गाडी बंद पडली आणि डेपोने बदली गाडी पाठवली, तर गाडीचा नंबर बदलतो पण तुझी सीट १७ ती १७च राहते. पेजमधल्या ४२८ व्या जागेवरचा बाइट फ्रेममध्येही ४२८ व्याच जागेवर बसतो. हे जमतं, कारण पेज आणि फ्रेम यांचा आकार एकसारखाच असतो.

यातून तुला दोन तपासण्या मिळतात. प्रत्येक उत्तरानंतर त्या करायच्याच. पहिली, ऑफसेट कधीही पेज साइजएवढा किंवा त्याहून मोठा येता कामा नये. १ केबीच्या पेजमध्ये तो ० ते १०२३ यांतलाच असतो. दुसरी, फिजिकल अ‍ॅड्रेसला पुन्हा १०२४ ने भागून बाकी बघायची. ती मूळच्या बाकीएवढीच आली पाहिजे. तुझ्या ९७१६ ला भागलं तर बाकी ५०० येते, पण ३५०० ला भागल्यावर ४२८ येते. दुसऱ्या तपासणीत चूक तिथल्या तिथे सापडली असती. पहिलीत मात्र सापडली नसती, कारण ५०० हा ऑफसेट दिसायला अगदी साधासरळ आहे.

आता त्याच टेबलवर आणखी तीन पत्ते घे. परीक्षेत फसवायला हेच येतात.

४५०० घे. ४ गुणिले १०२४ म्हणजे ४०९६, बाकी ४०४. पेज ४ ची ओळ बघ, फ्रेम ० आहे. इथे खूप मुलं थबकतात आणि ‘पेज मेमरीत नाही’ असं लिहून मोकळी होतात. पण फ्रेम ० ही मेमरीतली पहिली फ्रेम आहे आणि व्हॅलिड बिट १ आहे. उत्तर सरळ ४०४. पेज मेमरीत आहे की नाही हे व्हॅलिड बिट सांगतो, फ्रेमचा आकडा सांगत नाही.

२५०० घेतलं तर पेज २, ऑफसेट ४५२. व्हॅलिड बिट ० आहे. म्हणजे आत्ता या पत्त्याला फिजिकल अ‍ॅड्रेस नाहीच, उत्तर ‘पेज फॉल्ट’ असंच लिहायचं. ऑपरेटिंग सिस्टिम ते पेज डिस्कवरून एखाद्या फ्रेममध्ये आणेल, टेबलची ओळ दुरुस्त करेल आणि तीच सूचना पुन्हा चालवेल. मगच पत्ता मिळेल, आणि तो कुठली फ्रेम मिळाली यावर ठरेल.

तिसरा ८२००. भागाकार ८ येतो, पण पेज ० ते ७ एवढीच आहेत. हा पत्ता प्रोग्रॅमच्या हद्दीबाहेरचा आहे. डिस्कवरून आणण्यासारखं तिथे काहीच नाही. याला आणि २५०० ला एकच उत्तर देऊ नकोस.

बिट मोजण्याच्या प्रश्नातही असाच एक गोंधळ होतो. आपल्या उदाहरणात लॉजिकल अ‍ॅड्रेस १३ बिटांचा आहे, ३ पेजचे आणि १० ऑफसेटचे. फिजिकल अ‍ॅड्रेस १४ बिटांचा, ४ फ्रेमचे आणि तेच १० ऑफसेटचे. टेबलमध्ये किती ओळी असणार हे लॉजिकल बाजूवरून ठरतं, म्हणून ८ ओळी. प्रत्येक ओळीत फ्रेमसाठी किती बिट लागणार हे फिजिकल बाजूवरून ठरतं, म्हणून ४, आणि वर एक व्हॅलिड बिट. ऑफसेट टेबलमध्ये साठवलाच जात नाही. ओळींची संख्या रॅमच्या आकारावरून काढलेली दिसली की समजायचं, दोन बाजूंची अदलाबदल झाली आहे. आणि हे सगळं मेमरी बाइट अ‍ॅड्रेसेबल आहे असं धरून. प्रश्नात वर्ड अ‍ॅड्रेसेबल लिहिलं असेल, तर पेज साइज आधी वर्डमध्ये मोजून घे, मगच बिट काप.

खऱ्या मशीनवर पेज बहुधा ४ केबीचं असतं. लिनक्सच्या टर्मिनलवर `getconf PAGESIZE` टाइप करून बघ, साध्या लॅपटॉपवर ४०९६ दिसेल. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, आणि हेक्साडेसिमलचा एक अंक म्हणजे चार बिट. त्यामुळे तिथे ऑफसेट म्हणजे शेवटचे बरोबर तीन हेक्स अंक. `0x2A7F` हा पत्ता आला तर पेज २, ऑफसेट `A7F`, आणि पेज २ जर फ्रेम ६ मध्ये असेल तर उत्तर `0x6A7F`. कागद-पेन्सिलही लागत नाही. तुझ्या हाताला शेवटचे तीन अंक तोडायची जी सवय आहे, ती इथे अगदी बरोबर ठरते.

सोडून देण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सोडू नकोस. पत्त्याचे बिट कापण्याचं हेच तंत्र कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनमध्ये कॅशच्या गणितात टॅग, इंडेक्स आणि ऑफसेट असं तीन तुकड्यांत येतं. इथे पाणी सोडलंस तर दोन विषयांत नुकसान होईल. गेटमध्ये हे प्रश्न बहुतेकदा आकडा टाइप करायच्या स्वरूपात येतात. त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण पायऱ्यांनाही गुण नसतात. म्हणजे तुझं पाऊण गणित बरोबर असूनही ९७१६ ला शून्यच मिळालं असतं. म्हणून ती दुसरी तपासणी तुझ्यासाठी थिअरीच्या आणखी दहा पानांपेक्षा मोलाची आहे.

राहिलं सी आणि एम्बेडेड. हा भाग बाजूला ठेवून सी पक्कं करायचं म्हणतेस, पण हा भागच सीच्या सरावाचा आहे:

```
p    = addr >> 10;
d    = addr & 1023;
phys = (frame[p] << 10) | d;
```

पहिली ओळ खालचे दहा बिट टाकून देते, दुसरी फक्त तेच ठेवते, तिसरी नवा फ्रेम नंबर त्यांच्या डावीकडे जोडते. एम्बेडेडमध्ये रजिस्टरमधून हवे तेवढे बिट काढायला याच शिफ्ट आणि मास्क रोज लागतात, मुलाखतीतही हमखास विचारतात. छोट्या मायक्रोकंट्रोलरमध्ये पेजिंग बहुधा नसतंच, तिथे पत्ता थेट फिजिकल असतो. लिनक्स चालवणाऱ्या बोर्डावर मात्र ते असतं आणि ड्रायव्हर लिहिताना लॉजिकल कुठला, फिजिकल कुठला हे कळावंच लागतं. वरचा तुकडा पूर्ण प्रोग्रॅममध्ये लिही. `p` ७ च्या पुढे गेला तर आणि व्हॅलिड बिट ० असला तर काय छापायचं, तेही त्यात घाल. मग ३५००, ४५००, २५०० आणि ८२०० चारही देऊन बघ.

हे झालं की उलटं एक गणित कागदावर कर. याच टेबलमध्ये फिजिकल अ‍ॅड्रेस १३३०० वर जो बाइट आहे, त्याचा लॉजिकल अ‍ॅड्रेस कोणता? कापायचं तसंच, फक्त टेबल उजवीकडून डावीकडे वाचायचं. उत्तर २०३६ यायला हवं. दुसरं काही आलं तर तुझे आकडे जसेच्या तसे मला लिहून पाठव, खाडाखोड न करता.