रायटिंग साडेसहाच्या पुढे सरकत नाही तेव्हा नेमकं कुठे बघायचं

प्रश्न: आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक देतोय. लिसनिंग 8, रीडिंग 7.5, स्पीकिंग 7 येतं पण रायटिंग दर वेळी 6.5. युनिव्हर्सिटीला प्रत्येक सेक्शनला 7 हवेत. रोज एक निबंध लिहितोय तरी काही हलत नाही. चुकतंय काय ते कळणार कसं?

उत्तर:

मी बरीच वर्षं लोकांचे निबंध तपासतोय आणि रायटिंगला 6.5 वर अडकलेले एवढे बघितलेत की आता कोणी नुसतं "साडेसहा येतात" म्हटलं की मी काहीच सांगत नाही, आधी निबंध मागतो. कारण त्या आकड्यातून कारण कळतच नाही. रिझल्टवर रायटिंगचा एकच आकडा छापलेला असतो पण आत तपासणारा चार गोष्टींना वेगवेगळे बँड देतो, प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मांडणी, शब्द आणि ग्रामर. चौघांना सारखंच वजन. म्हणजे 7, 7, 6, 6 आले तरी 6.5 आणि 6, 6, 7, 7 आले तरी 6.5. एकाचं ग्रामर कच्चं, दुसऱ्याचं ग्रामर छान पण मुद्देच अर्धवट, आणि दोघं एकाच क्लासला जाऊन एकच शब्दांची यादी पाठ करतायत. मग कसं हलणार.

रोज नवीन निबंध लिहिणं आठवडाभर बंद करा. नव्या निबंधात जुन्याच सवयी परत गिरवल्या जातात, बाकी काही होत नाही. त्याऐवजी आत्तापर्यंत घड्याळ लावून लिहिलेले दोन-तीन टास्क 2 चे निबंध काढा, चांगले आलेले निवडू नका, जसे आहेत तसे घ्या.

पहिलं काम, वाक्यं मोजा. प्रत्येक वाक्य सुटं करून वाचायचं आणि त्यात एकही चूक नसेल तरच त्याच्यापुढे टिक. एक आर्टिकल राहिलं तरी टिक नाही, स्वल्पविराम चुकला तरी नाही. हे इतकं कडक कशाला, तर ग्रामरच्या 6 आणि 7 मधली रेघ बऱ्यापैकी इथेच आहे. 6 ला साधी आणि गुंतागुंतीची वाक्यं मिसळलेली असतात, चुका असतात पण अर्थ कळतो. 7 ला बिनचूक वाक्यं वारंवार दिसली पाहिजेत. आपण मनात म्हणतो "अर्थ तर कळतोय ना", आणि ते नेमकं 6 चं वर्णन आहे. किती टिक आले म्हणजे 7 असा अधिकृत आकडा काही नाही, पण निम्म्यापेक्षा कमी वाक्यं स्वच्छ असतील तर मी तरी ग्रामरला 7 देणार नाही. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नसतील तर एवढ्या एका कामासाठी कोणा जाणकाराला पैसे द्या, पण त्याच्याकडून बँड मागू नका, चुकांखाली रेघा मागा.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आणि हे फारसं कोणी करत नाही. तोच निबंध, चुका न दाखवलेली कॉपी, दोन दिवसांनी घड्याळाशिवाय हातात घ्यायचा आणि हवा तेवढा वेळ घेऊन स्वतःच दुरुस्त करायचा. डिक्शनरी नाही, कोणाला विचारायचं नाही. मग परत टिक मोजायचे. आकडा खूप वाढला तर तुम्हाला ग्रामर येतं, फक्त परीक्षेत ते वापरायला वेळ किंवा लक्ष उरत नाही. आकडा जवळपास तोच राहिला तर ती चूक तुम्हाला चूक वाटतच नाहीये, म्हणजे तो नियम बसून शिकायला लागेल. ही दोन दुखणी एकदम वेगळी आहेत आणि उपायही उलटे आहेत.

एक केस सांगतो म्हणजे लक्षात येईल. एक मुलगी होती, तुमच्यासारखीच, बाकी सगळं 7 च्या वर आणि रायटिंग 6.5. तिला कोणीतरी सांगितलेलं की तुझी व्होकॅब्युलरी कमी पडते, म्हणून तिने अवघड शब्दांच्या वह्या भरलेल्या. विषय होता शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांवर बंदी घालावी का. 16 वाक्यांचा निबंध, त्यातली फक्त 5 स्वच्छ. उरलेल्या 11 पैकी 7 मध्ये फक्त आर्टिकल किंवा अनेकवचनाची चूक, "गव्हर्नमेंट शुड" च्या आधी द नाही, "मेनी सिटी" ला अनेकवचन नाही, असलंच. (आपल्या भाषेत आर्टिकल हा प्रकारच नाही, त्यामुळे आपल्याला ते खटकत नाही आणि तपासणाऱ्याला दर ओळीला खटकतं.) 2 मध्ये क्रियापदाचा एस गाळलेला आणि 2 वाक्यं इतकी लांब की मध्येच कर्ता हरवला.

मग तिला घड्याळाशिवाय तोच निबंध दिला. 16 पैकी 13 स्वच्छ झाली! सगळी आर्टिकल तिची तिनेच लावली, तिला नियम पाठ होते. म्हणजे व्होकॅब्युलरी नाही आणि ग्रामरचं पुस्तकही नाही, परत वाचायला वेळच मिळत नव्हता. का मिळत नव्हता? म्हणून तिला पूर्ण 60 मिनिटांचा पेपर लिहायला लावला आणि मी बाजूला वेळा टिपत बसलो. टास्क 1 ला 20 मिनिटं द्यायची असतात, तिने 29 घेतली. ग्राफमधला प्रत्येक आकडा लिहीत बसली, 150 शब्द पुरतात तिथे 230 लिहिले. टास्क 2 ला उरली 31 मिनिटं, त्यात शेवटचं वाक्य आणि वेळ संपायची घंटा एकदमच.

आता यातली गंमत बघा, टास्क 2 ला टास्क 1 च्या दुप्पट वजन आहे. ज्याला अर्धं वजन त्याच्यासाठी ती दुप्पट वजनाच्या पेपरची 9 मिनिटं खात होती, आणि त्या जास्तीच्या आकड्यांनी टास्क 1 पण सुधारत नव्हता, उलट बिघडत होता, कारण तिथे मुख्य कल काय आहे तो सांगणारा एक स्पष्ट ओव्हरव्ह्यू लागतो आणि तिचा ओव्हरव्ह्यू आकड्यांच्या गर्दीत सापडायचा नाही. म्हणजे दिसायला चूक ग्रामरची, कारण टास्क 2 ला कमी पडणारा वेळ, आणि त्याचं मूळ टास्क 1 मध्ये. शब्दांच्या वह्या भरून हे कधीच सापडलं नसतं.

उपाय साधाच निघाला. टास्क 1 ला ओव्हरव्ह्यू आधी लिहायचा, मग ग्राफमधल्या निवडक गोष्टींचीच तुलना, आणि 20 व्या मिनिटाला अर्धवट असलं तरी सोडायचं. टास्क 2 ची शेवटची 5 मिनिटं फक्त तपासणीला, आणि तपासणी म्हणजे "एकदा नजर टाकणं" नाही. एका फेरीत फक्त नामं बघायची, प्रत्येक नामाला विचारायचं की एक आहे की अनेक, आणि पुढे अ, द की काहीच नको. दुसऱ्या फेरीत फक्त क्रियापदं. सगळं एकदम शोधायला गेलं की काहीच सापडत नाही. हे अंगवळणी पडायला तिला महिनाभर लागला आणि पुढच्या रिझल्टला रायटिंग 7 आलं.

पण तुमचं कारण हेच असेल असं धरून चालू नका. टिक मोजल्यावर वाक्यं बऱ्यापैकी स्वच्छ निघाली तर दोष दुसरीकडे आहे आणि मग बॉडी पॅराग्राफ घ्या. प्रत्येक वाक्यासमोर मार्जिनमध्ये लिहा की हे वाक्य आधीच्या वाक्याचं काय करतंय, कारण देतंय, परिणाम सांगतंय, उदाहरण देतंय की नवीनच मुद्दा काढतंय. एका पॅराग्राफमध्ये दोन-तीनदा "नवीन मुद्दा" आलं तर सापडलं. गाड्यांवर बंदीचाच विषय घ्या, लोक लिहितात प्रदूषण कमी होईल, शिवाय ट्रॅफिक कमी होईल, शिवाय लोकांची तब्येत सुधारेल. तीन मुद्दे आणि एकही पुढे नेलेला नाही. 6 च्या वर्णनात हेच आहे, मुद्दे विषयाला धरून पण पुरेसे फुलवलेले नाहीत. त्यापेक्षा ट्रॅफिकचा एकच मुद्दा घ्या, गाड्या नसल्या की बसला रस्ता मोकळा मिळेल, मग बस वेळेवर येईल, वेळेवर येते म्हटल्यावर आत्ता नाइलाजाने गाडी काढणारा माणूस पण बसकडे वळेल. शब्द तेवढेच लागतात पण वाचणाऱ्याला वाटतं की याने विचार केलाय. माझ्या मते ज्यांचं इंग्लिश मुळात चांगलं आहे त्यांचे मार्क सगळ्यात जास्त इथेच अडकतात, आणि त्यांना हे कोणी सांगत नाही कारण त्यांचा निबंध वाचायला छान वाटतो.

अजून एक तपासणी, पाच मिनिटांत होते. जे शब्द कुठल्याही विषयाच्या निबंधात जसेच्या तसे चालतील ते सगळे खोडा. "इन द मॉडर्न इरा", "इट इज अ हायली डिबेटेड टॉपिक", "देअर आर बोथ प्रोज अँड कॉन्स", प्रत्येक वाक्याच्या तोंडावरचं "मोरओव्हर" आणि "फर्दरमोअर". 280 शब्दांतले 70-80 खोडले गेले तर उरलेल्या 200 शब्दांतच तुम्ही खरं काहीतरी बोललात असं समजा. जोडशब्द असे यांत्रिकपणे वापरणं हे मांडणीच्या 6 चं ठरलेलं लक्षण आहे. "प्लेथोरा" आणि "मिरियड" बद्दल काही बोलत नाही, तपासणारे बिचारे रोज वाचतात.

आणि या तिन्ही तपासण्यांत दोन-तीन निबंध स्वच्छ निघाले, टास्क 1 पण वेळेत होतोय, तरच रीचेकिंगचा विचार करा. ठरलेल्या मुदतीत फक्त रायटिंग परत तपासायला देता येतं आणि बँड बदलला तर फी परत मिळते. कॉम्प्युटरवर दिली असेल तर 60 दिवसांत एकाच सेक्शनची परत परीक्षा देता येते, वन स्किल रीटेक म्हणतात, बाकीचे तिन्ही स्कोअर तसेच राहतात. तुमच्या केसमध्ये ते सोयीचं आहे कारण अडलंय ते फक्त रायटिंग, फक्त तुमची युनिव्हर्सिटी तो रिझल्ट घेते का ते आधी मेल करून विचारा, सगळ्या घेत नाहीत. पण 16 पैकी 5 टिक असतील तर रीचेकिंगला पैसे घालू नका, तपासणाऱ्याने बरोबरच दिलेत.