जॉइनिंग बोनस परत करण्याची अट आणि प्रोबेशन: सही करण्याआधी काय पाहायचं?

प्रश्न: पुण्यातल्या आयटी कंपनीची ऑफर आहे. पॅकेज 28 लाख, वर 3 लाख जॉइनिंग बोनस, पहिल्या पगारासोबत. लेटरमध्ये लिहिलंय की 18 महिन्यांच्या आत 'फॉर एनी रीझन व्हॉटसोएव्हर' नोकरी संपली तर पूर्ण बोनस परत द्यायचा. प्रोबेशन 6 महिने, कंपनी हवं तर वाढवू शकते. प्रोबेशनमध्ये त्यांनीच काढलं तरी पैसे द्यावे लागतील का? एचआर म्हणते, स्टँडर्ड क्लॉज आहे. 1 डिसेंबरला जॉइन व्हायचंय. सही करू का?

उत्तर:

शब्द असेच असतील तर कंपनीने काढलं तरी ती पैसे मागणार, हे धरून चाला. सही करू नका असं मी म्हणणार नाही, पण आहे त्या मजकुरावर करू नका. निदान दोन वाक्यं बदलून घ्या. तुम्ही जुन्या कंपनीत अजून राजीनामा टाकला नसेल, तर हे मागण्याची हीच वेळ आहे.

मी पेरोलमध्ये काम करतो आणि त्यातली चार वर्षं फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडणाऱ्यांच्या शेवटच्या हिशेबाच्या, टेबलावर होतो. 'स्टँडर्ड क्लॉज' हे एचआरचं म्हणणं खरं आहे. बहुतेक लेटरांत हा क्लॉज असतो. पण तो कागदावर एका ओळीचा दिसतो आणि हिशेबाच्या शीटवर उतरला की वेगळाच दिसतो. असाच एक हिशेब मी स्वतः केला होता. मुलगा पाचव्या महिन्यात होता. क्लायंटने प्रोजेक्ट काढून घेतलं आणि कंपनीने प्रोबेशनचा आधार घेऊन त्याला पंधरा दिवसांची नोटीस दिली. कामाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण लेटरमध्ये 'एनी रीझन' होतं, सिस्टिममध्ये रिकव्हरीचा टिक होता, आणि शीटच्या तळाशी उणे रक्कम आली. त्याचा फोन मीच घेतला होता. तेव्हा माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काहीही नव्हतं.

आता तुमचे आकडे घेऊ. पॅकेज 28 लाख म्हणजे बोनसची रक्कम वरच्या 30 टक्क्यांच्या टप्प्यात पडेल असं धरतो. सेस मिळवून 31.2 टक्के. 3,00,000 वर 93,600 रुपये टीडीएस कापला जाईल आणि डिसेंबरच्या पगारासोबत तुमच्या खात्यात 2,06,400 येतील. समजा एप्रिलअखेर, म्हणजे पाच महिने पुरे झाल्यावर, तुम्हाला काढलं. लेटरप्रमाणे कंपनी 3,00,000 मागेल. हातात न आलेले 93,600 तुम्ही पदरचे घालायचे.

नुसतं 'प्रो-राटा' करून घेतलं की प्रश्न मिटतो असं बऱ्याच जणांना वाटतं. करून बघा. 18 पैकी 13 महिने उरले, म्हणजे 3,00,000 च्या 13/18, साधारण 2,16,667. ही रक्कमसुद्धा तुमच्या हातात आलेल्या 2,06,400 पेक्षा जास्त आहे! पाच महिने काम करूनही दहा हजार खिशातूनच. तोच हिशेब हातात आलेल्या रकमेवर केला तर 1,49,067 होतात. म्हणून 'प्रो-राटा' आणि 'टीडीएस वजा जाता मिळालेली रक्कम' हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात यायला हवेत.

कापलेला कर परत मिळणार नाही का, असं तुम्ही विचाराल. ते 31 मार्चच्या कुठल्या बाजूला नोकरी संपते यावर आहे. बोनस डिसेंबरमध्ये मिळाला आणि मार्चच्या आत वसूल झाला, तर पेरोलवाला त्याच वर्षाच्या उत्पन्नातून तो वजा करतो, फॉर्म 16 मध्ये तसं दिसतं आणि कराचा मेळ बसतो. पण तुमचं प्रोबेशन 31 मे रोजी संपतंय. एप्रिल-मेमध्ये वसुली झाली तर आधीच्या आर्थिक वर्षाचा कर भरून झालेला असतो. नव्या वर्षात त्या कंपनीकडचा तुमचा पगार जेमतेम महिन्या-दोन महिन्यांचा, त्यातून तीन लाख वजा करायला जागा पुरेलच असं नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीची वसुली हिशेबात धरत नाही. अहमदाबादच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने 2017 मध्ये नोटीस पेबाबत, म्हणजे नोटीसचा काळ पूर्ण न केल्याबद्दल कंपनी कापते त्या पगाराबाबत, नोकरदाराच्या बाजूने निकाल दिला होता, की कापून घेतलेल्या रकमेवर कर नको. पण तो नोटीस पेचा मामला होता. त्या आधारावर गेल्या वर्षीच्या बोनसची सूट मागायची असेल तर चांगला सीए लागेल आणि वादाची तयारीही. त्यापेक्षा वसुलीच नेट रकमेची ठरवून घेणं सोपं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण 'असले बाँड कोर्टात टिकत नाहीत' असं छातीठोक सांगणारे तुम्हाला भेटतीलच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात नेमकं उलट सांगितलं आहे. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख, अशी अट होती. अधिकारी त्याआधी सोडून दुसऱ्या बँकेत गेला आणि न्यायालयाने ती अट वैध ठरवली. मात्र तिथे त्याने स्वतः राजीनामा दिला होता, आणि सरकारी बँकेला नव्याने भरती करायला येणारा खर्च न्यायालयाने लक्षात घेतला होता. मालकाने काढलं तर काय, हा तिथला प्रश्नच नव्हता. शिवाय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, ती जशीच्या तशी मिळेलच असं नाही. कंपनीनेच काढून वर बोनसही मागितला तर तुमच्याकडे मांडायला मुद्दा नक्कीच आहे. पण कंपनी म्हणेल, आम्ही दंड लावत नाही, आमचे पैसे परत मागतोय. आणि खरं सांगायचं तर प्रकरण कोर्टापर्यंत जातच नाही. शेवटचा पगार आणि रजेचे पैसे कंपनीच्या हातात असतात, रिलीव्हिंग लेटर अडतं, आणि ते नव्या कंपनीला हवं असतं. माणूस पैसे भरून मोकळा होतो.

आता प्रोबेशन. सहा महिने झाले की आपोआप पर्मनंट, ही समजूत आधी काढून टाका. 'लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालू राहील' असं वाक्य असेल आणि वाढवण्याला मर्यादा नसेल, तर कन्फर्मेशनचं पत्र न देता कंपनी तुम्हाला वर्षभरही प्रोबेशनवर ठेवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये पंजाबच्या शिक्षकांच्या खटल्यात त्यांना कायम झालेलं मानलं, ते नियमांतच प्रोबेशनची कमाल मुदत तीन वर्षं ठरवलेली होती म्हणून. ती संपूनही ते कामावर होते. तो सरकारी नियमांचा विषय होता, पण धडा तुमच्या लेटरलाही लागू पडतो: कमाल मुदत लिहिलेली असेल तरच बोलायला जागा राहते. 'जास्तीत जास्त एकदाच, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल आणि त्यानंतर लेखी काही न कळवल्यास कन्फर्म समजावं' एवढं घालून घ्या. प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंची नोटीस किती दिवसांची हेही बघा. कंपनीला पंधरा दिवस आणि तुम्हाला साठ, असली लेटरं मी पाहिली आहेत.

तुमच्या मजकुरात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. '18 महिन्यांच्या आत नोकरी संपली' असं आहे, 'राजीनामा दिला' असं नाही. 1 डिसेंबरपासून 18 महिने, प्रोबेशन संपतं त्याच्या पुढच्या वर्षीच्या 31 मेला पुरे होतात. नोटीस 90 दिवसांची असेल तर मार्चच्या सुरुवातीला राजीनामा देऊनही शेवटचा दिवस 31 मेच्या बाहेर ठेवता येतो. 'राजीनामा दिला' किंवा 'नोटीसवर असला' असा शब्द आला की तेच 18 महिने 21 होतात. म्हणून हा शब्द बदलू देऊ नका.

आणि तो बदलतो कुठे? अपॉइंटमेंट लेटरमध्ये. ऑफर लेटर दोन-तीन पानांचं असतं, शेवटी 'सविस्तर अटी नियुक्तिपत्रात' असं लिहिलेलं असतं आणि ते नियुक्तिपत्र पहिल्या दिवशी, लॅपटॉप घेताना, सहीला समोर येतं. तोवर तुमची जुनी नोकरी गेलेली असते. त्याचा मसुदा आत्ताच मागा. फोनवरच्या आश्वासनावर राहू नका, कारण याआधीचं सगळं बोलणं रद्द समजावं, असंही एक वाक्य त्यात बहुधा असतंच.

एचआरला मेल लिहिताना क्लॉज काढा असं म्हणू नका, तो निघत नाही. असं लिहा: मी स्वतः राजीनामा दिला किंवा गैरवर्तनासाठी काढलं तर बोनस परत करण्याची अट मला मान्य आहे. कंपनीने इतर कारणाने सेवा संपवल्यास वसुली नसावी. वसुली उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात आणि टीडीएस वजा जाता मिळालेल्या रकमेची असावी. यातलं कंपनीने काढल्यास वसुली नाही हे आणि प्रमाणाचं बहुतेक कंपन्या मान्य करतात, निदान माझा अनुभव तसा आहे. नेट रकमेला फायनान्सवाले कुरकुर करतात, कारण कर तर त्यांनी सरकारला भरलेला असतो. तिथे अडलं तर दुसरा मार्ग सुचवा: दीड लाख जॉइनिंगला आणि दीड लाख कन्फर्मेशननंतर. प्रोबेशनमध्ये काही झालंच तर अंगावर येणारी रक्कम तिथेच अर्ध्यावर येते, आणि कंपनीलाही हे सोयीचं पडतं.

'कंपनीने काढल्यास वसुली नाही' एवढं एकही वाक्य द्यायला ते तयार नसतील, तर मी बोनस न घेता मूळ पगारात थोडी वाढ मागेन. तीन लाखांच्या जागी वर्षाला एक-दीड लाख मिळाले तरी ते परत मागता येत नाहीत. आणि बोनस घेतलाच, तर निदान 18 महिने पुरे होईपर्यंत त्याला हात लावू नका. कापलेला कर धरून तीन लाख बाजूला ठेवा, खात्यात आलेले दोन लाख सहा हजार नव्हे.