नाशिक ते मुंबई: वेळ मोजा ती घराच्या दारापासून

सिडकोत राहतो. सोमवारी सकाळी 11 ला बीकेसीत मीटिंग आहे, एकटाच जाणार. वंदे भारत सगळ्यात वेगवान म्हणतात, मग तीच घेऊ का? की गाडी काढू?

वंदे भारत वेगवान आहे, पण ती तुमच्या वेळेची नाही. शिर्डीची वंदे भारत सकाळी मुंबईहून निघते आणि नाशिकरोडहून मुंबईकडे जाते ती संध्याकाळी. मराठवाड्यातून येणारी दुसरी वंदे भारत नाशिकरोडला येईपर्यंत तुमची मीटिंग सुरू होण्याची वेळ झालेली असते. त्यामुळे सकाळच्या कामासाठी खरी तुलना उरते ती पंचवटी एक्सप्रेस आणि गाडी यांची.

पंचवटी नाशिकरोडहून सातच्या सुमारास सुटते आणि सीएसएमटीला पावणेअकराच्या आसपास पोचते. वेळापत्रकात हे पावणेचार तास दिसतात, पण तुमचा प्रवास सातला सुरू होत नाही. सिडकोतून नाशिकरोड स्टेशन गाठायला पाऊण तास धरा आणि फलाटावर हाताशी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. म्हणजे घरातून सहाला निघायचं. तिकडे सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. गाडी वेळेवर असेल तर तिथे सव्वादहाच्या पुढेमागे असाल. दादरहून लोकलने वांद्रे किंवा कुर्ला आणि तिथून रिक्षा, याला चाळीस मिनिटं लागतात. बीकेसीच्या गेटवर तुम्ही 10:55 ला. त्यानंतर पास काढायचा, लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं. गाडी कल्याणच्या अलीकडे दहा मिनिटं थांबली की गणित फसलं.

आता गाडीचं पाहू. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यामुळे कसारा घाट आणि आसनगाव-वाशिंदची कोंडी दोन्ही टळतात, घाटाऐवजी जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाता येतं. ‘आता दोन तासांत मुंबई’ असं लोक म्हणतात ते याच्याच जोरावर. पण समृद्धी आमणेला संपते आणि भिवंडी बायपास ते माजिवडा हा पट्टा सगळ्यांना सारखाच. घाटात वाचलेला वेळ साकेत पुलावर जातो, विशेषतः आठनंतर. म्हणून गाडीने जायचं तर पावणेसहाला निघून आठच्या आत माजिवडा ओलांडायचा. मग बीकेसी साडेनऊपर्यंत होतं. तेच साडेसहाला निघालात तर पाऊण तास उशिरा निघून दीड तास उशिरा पोचाल.

पैशांचा फरकही मोठा आहे. पंचवटीच्या दुसऱ्या वर्गाचं आरक्षित तिकीट शंभराच्या आसपास, एसी चेअर कार साधारण चारशे. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये आहे असं धरलं, तर एका बाजूच्या 170 किलोमीटरला बाराशे रुपये होतात. टोल आणि बीकेसीतलं पार्किंग वेगळं.

माझं स्पष्ट मत असं: मीटिंग साडेअकराला सरकत असेल तर पंचवटी, अजिबात विचार करू नका. अकराच पक्के असतील तर रविवारी संध्याकाळी जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करा, नाहीतर पहाटे गाडी काढा. फक्त तो दिवस परतीच्या ड्रायव्हिंगसकट सोसेल का, हे आधी ठरवा.

एक सवय लावून घ्या. मोबाइलवर नकाशा पाहताना आत्ताची वेळ पाहू नका. रविवारी रात्री दहाला पाहिलेल्या वेळेचा सोमवारी सकाळी काही उपयोग नसतो. ‘किती वाजता पोचायचं’ हा पर्याय निवडून तोच वार, तीच वेळ टाका. वेळ ‘इतकी ते इतकी’ अशी दिसते, त्यातली मोठी संख्या धरा. ठरलेल्या वेळेच्या कामासाठी सरासरी दिवस मोजायचा नसतो, वाईट दिवस मोजायचा असतो.

ठाण्याला लग्न आहे. मी, पत्नी, कॉलेजातली मुलगी आणि 68 वर्षांची आई. गंगापूर रोडला राहतो. सगळ्यात स्वस्त काय पडेल?

तुमच्या घरात तीन बायका आहेत, त्यामुळे एसटीचा हिशोब बदलतो. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे चौघांची मिळून अडीच तिकिटं. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. ठाणे साधारण 145 किलोमीटर, म्हणजे पंचवीस टप्पे. साध्या बसला टप्प्याला दहा रुपये धरले तर पूर्ण तिकीट अडीचशे, चौघांचे सव्वासहाशे आणि जाऊन-येऊन साडेबाराशे.

रेल्वे वरवर पाहता स्वस्त दिसते. शंभराच्या हिशोबाने चौघांचे जाऊन-येऊन आठशे. ज्येष्ठांची रेल्वे सवलत 2020 पासून बंद आहे, त्यामुळे आईंचंही पूर्ण तिकीट. पण गंगापूर रोड ते नाशिकरोड रिक्षाला एका वेळचे अडीचशे-तीनशे जातात. दोन्ही वेळचे मिळवलेत की आठशेचे चौदाशे होतात. एसटी मुंबई नाक्याच्या महामार्ग स्थानकातून मिळते, ते तुम्हाला निम्म्या अंतरावर. तिथल्या रिक्षाचे पैसे मिळवले तरी दोन्ही जवळपास बरोबरीत येतात. गाडीला पेट्रोल आणि टोल मिळून अडीच हजारांच्या घरात जातील.

म्हणजे एसटी आणि रेल्वेत पैशांनी फारसा फरक नाही, तेव्हा आईंकडे पाहून ठरवा. रेल्वेत त्यांना स्वच्छतागृह मिळतं, पाय मोकळे करता येतात. मी असतो तर पंचवटीच घेतली असती, ठाण्याला ती साडेनऊ-पावणेदहाला पोचते. मात्र मुहूर्त पहाटेचा असेल किंवा परतताना रात्रीचे अकरा वाजणार असतील, तर गाडीचे जास्तीचे हजार-बाराशे रुपये सत्कारणी लागतील.

पंचवटी चुकली तर?

मुंबई नाक्यावरून कसाऱ्याची एसटी किंवा सीटवरची टॅक्सी पकडा आणि कसाऱ्याहून लोकलने जा. लोकल कसाऱ्यातूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि तिकीट पन्नास रुपयांच्या आत. अडचण एकच: कसारा लोकल दर दहा मिनिटांनी नसते. एखादी हुकली तर पाऊण-एक तास फलाटावर काढावा लागतो. म्हणून आधी लोकलची वेळ पाहा, तिच्यातून दोन तास वजा करा आणि त्या वेळेला नाशिक सोडा.

पुण्याला रेल्वेने का जाऊ नये? स्वस्त नाही का?

नाशिक-पुणे सरळ लोहमार्गच नाही. रस्ता 210 किलोमीटर आहे, तर रेल्वे कल्याण-लोणावळ्यावरून गेली तरी 270 किलोमीटर होतात. मनमाड-दौंडमार्गे तर त्याहूनही लांब. सिन्नर-संगमनेर-नारायणगाव या प्रस्तावित मार्गाला खोडदची रेडिओ दुर्बीण आडवी आली आणि आराखडा बदलावा लागला, त्यामुळे त्याच्या भरवशावर आजचा बेत आखू नका. पुण्यासाठी तुलना एसटी आणि गाडीचीच. दोन्ही अडकतात ती चाकणला, कंपन्यांच्या शिफ्ट सुटतात तेव्हा. पहाटे पाचला निघालात तर त्या गर्दीच्या आधी चाकण पार होतं. नऊला निघून दुपारी एकला पुण्यात असू, असं मात्र कोणाला कबूल करू नका.