दहा गुरू, नऊ हस्तांतरणं आणि 1699 : उजळणीच्या वेळचे प्रश्न

परीक्षा जवळ आली की शीख गुरूंच्या कालपटाबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यामागचे गोंधळही ठरलेले असतात, म्हणून या वेळी ते एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : दहा गुरूंचा जन्म, गुरुपद आणि मृत्यू अशी तीस सालं पाठ होत नाहीत. काय करू?

तीस पाठ करू नका. एका गुरूंच्या निधनाचं साल हेच बहुतेक वेळा पुढच्यांच्या गुरुपदाचं साल असतं, त्यामुळे सांध्यांची सालं पुरतात. नानकदेवांचा जन्म 1469 चा, हे सुरुवातीचं टोक. पुढे 1539 ला अंगद, 1552 ला अमरदास, 1574 ला रामदास, 1581 ला अर्जनदेव, 1606 ला हरगोबिंद, 1644 ला हरराय, 1661 ला हरकिशन, 1664 ला तेगबहादूर आणि 1675 ला गोबिंदराय. शेवटचं टोक 1708, नांदेड. ही अकरा सालं कागदावर न बघता सलग लिहिता आली पाहिजेत. सगळ्यात जास्त चूक 1661 आणि 1664 यांची अदलाबदल होऊन होते, कारण मधला काळ जेमतेम तीन वर्षांचा आहे.

प्रश्न : गुरूंची गादी बापाकडून मुलाकडे जायची ना? आमच्या क्लासच्या तक्त्यात सगळीकडे खाली बाण दाखवून 'पुत्र' लिहिलंय.

तो तक्ता फाडून टाका. असे तक्ते 'एका पानात संपूर्ण शीख इतिहास' म्हणून विकले जातात आणि त्यातली एकच चूक दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिकांत उतरते. दहा गुरूंमध्ये नऊ हस्तांतरणं झाली. त्यातली बापाकडून मुलाकडे झालेली फक्त चार : रामदासांकडून अर्जनदेवांकडे, अर्जनदेवांकडून हरगोबिंदांकडे, हररायांकडून हरकिशनांकडे आणि तेगबहादुरांकडून गोबिंदरायांकडे.

पहिली तीन नीट बघा. नानकदेवांना श्रीचंद आणि लखमीदास असे दोन मुलगे होते, तरी गादी गेली लहणा नावाच्या शिष्याकडे. तेच गुरू अंगद. अंगदांनीही मुलांना बाजूला ठेवून अमरदासांची निवड केली. अमरदासांचा जन्म 1479 चा आणि अंगदांचा 1504 चा, म्हणजे शिष्य गुरूपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा. जन्मसालांवरून क्रम लावणारे इथेच घसरतात. अमरदासांनीही मुलांना न देता जावयाला, म्हणजे बीबी भानींचे पती जेठा यांना गुरुपद दिलं. तेच गुरू रामदास. ते सोढी कुळातले, आणि तिथून पुढे गादी या एकाच कुळात राहिली. त्यामुळे 'वंशपरंपरा नव्हतीच' हेही अर्धसत्यच. 1581 नंतर कुळ ठरलं, पण थोरल्याचा हक्क कधीच ठरला नाही. अर्जनदेव हे रामदासांचे धाकटे चिरंजीव. थोरले पृथीचंद नाराज राहिले. हरगोबिंदांनंतर मुलगा नव्हे तर नातू हरराय आले, तेही थोरल्या भावाला, धीरमलला वगळून. हररायांचे थोरले रामराय औरंगजेबाच्या दरबारात गेले आणि तिथे नानकदेवांच्या वाणीतला शब्द बदलून सांगितल्यामुळे बाजूला पडले. गादी धाकट्या हरकिशनांना मिळाली, तेव्हा त्यांचं वय पाच.

आठव्याकडून नवव्याकडे हा सांधा कागदावर काढूनच बघा. वर हरगोबिंद लिहा. त्यांच्या खाली दोन नावं शेजारी-शेजारी : थोरले गुरदित्ता, धाकटे तेगबहादूर. गुरदित्तांच्या खाली हरराय, त्यांच्या खाली हरकिशन. आता दिसेल की तेगबहादूर हे हरकिशनांच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे चुलत आजोबा. बाण खाली जात नाही, दोन पिढ्या वर चढतो. 1664 मध्ये दिल्लीत देवीच्या आजारात हरकिशन गेले, तेव्हा ते 'बाबा बकाले' एवढंच म्हणाले, असं परंपरा सांगते. बाबा म्हणजे आजोबा आणि बकाला हे गाव. नाव घेतलेलं नसल्यामुळे बकाल्यात गादीवर हक्क सांगणारे अनेक जण उभे राहिले आणि तेगबहादुरांना मान्यता मिळायला वेळ गेला. म्हणूनच काही पुस्तकांत त्यांचं गुरुपद 1664 पासून, तर काहींत 1665 पासून धरतात. तुमच्या मंडळाच्या पाठ्यपुस्तकात जे साल आहे तेच लिहा. दोन पुस्तकांत फरक दिसला तर शिक्षकांना विचारून एकच पक्कं करा.

प्रश्न : संत नामदेव शीख गुरू होते का?

नाही. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. दहा गुरूंच्या यादीत ते नाहीत.

प्रश्न : खालसाची, म्हणजे अमृत घेतलेल्या शिखांच्या पंथाची, स्थापना 30 मार्च 1699 ला की 13 एप्रिलला? व्हॉट्सॲपवर दोन्ही फिरतात.

'1699, वैशाखी, आनंदपूर' एवढं लिहा, पूर्ण गुण मिळतील. तारीख मागितलीच तर पाठ्यपुस्तकातली. गोंधळाचं कारण मात्र समजून घ्या. 30 मार्च ही जुन्या, ज्युलियन पंचांगाची तारीख आहे (काही अभ्यासक 29 धरतात). त्या शतकात दोन पंचांगांत दहा दिवसांचा फरक होता, म्हणून आजच्या पंचांगाने ती 9 एप्रिलच्या आसपास येते. वैशाखी सौर वर्षावर चालते आणि हे वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा किंचित मोठं असल्यामुळे साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. तीनशे वर्षांत चार दिवस सरकून ती आज 13-14 एप्रिलला येते. म्हणजे 13 एप्रिल ही सणाची आजची तारीख, ती मागे 1699 ला चिकटवलेली आहे.

प्रश्न : पंजप्यारे आणि पाच ककार यांची सरमिसळ होते. शिवाय गुरूंनी शीर मागून तंबूत नेलेल्यांऐवजी तिथे बकरे कापले होते, हे खरं का?

बकऱ्यांच्या गोष्टीला गुण नाहीत, ती सोडा. पंजप्यारे ही 1699 ला सर्वांत आधी अमृत घेतलेली पाच माणसं : लाहोरचे दयाराम, हस्तिनापूरचे धरमदास, जगन्नाथपुरीचे हिंमतराय, द्वारकेचे मोहकमचंद आणि बिदरचे साहिबचंद. जाती आणि प्रांत वेगवेगळे, हाच उत्तराचा गाभा. ककार या धारण करायच्या वस्तू : केस, कंगवा, कडं, कछेरा, कृपाण.

क्रम चुकवू नका. लोखंडी भांड्यातल्या पाण्यात बत्तासे घालून, वाणी म्हणत, दुधारी खंड्याने ढवळून अमृत तयार झालं. ते आधी पाच जणांना दिलं, मग गुरूंनी त्या पाचांकडून स्वतः घेतलं. गोबिंदराय 'गोबिंदसिंह' झाले ते इथे. म्हणून 1675 च्या ओळीत 'गोबिंदसिंह' लिहू नये, हे काटेकोर परीक्षक बघतात. विधीचे बारकावे व्हिडिओवरून घेऊ नका, जवळच्या गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथींना विचारा.

प्रश्न : बंदा बहादूर अकरावे गुरू का?

नाही. 1708 मध्ये नांदेडला गोबिंदसिंहांनी गुरुपद ग्रंथाला दिलं; बंदा सिंहांना पंजाबातल्या मोहिमेचं नेतृत्व.

प्रश्न : पेपर परवा आहे, आता सुरुवात केली तर चालेल?

उशीर झालाय. अकरा सालं आणि हरगोबिंदांपासून हरकिशनांपर्यंतचा वंशवृक्ष आज रात्री लिहा, उद्या सकाळी शिक्षकांकडून तपासून घ्या. नवा तक्ता विकत घेऊ नका.