एलडीएल आधी भिंतीत अडकतं, मग बिघडतं

प्रश्न: ऑक्सिडाइज्ड एलडीएल धमनीच्या भिंतीत नेमकं कसं शिरतं? ब्लॉकेज व्हायला इतकी वर्षं का लागतात? आणि व्हिटॅमिन ईच्या गोळ्या घेऊन हे थांबवता येईल का?

उत्तर:

आधी क्रम नीट लावून घ्या. एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, रक्तातच ऑक्सिडाइज होतात आणि मग भिंतीत घुसतात, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा साधं, न बिघडलेलं एलडीएल भिंतीत जातं, तिथे अडकतं आणि अडकल्यावर ऑक्सिडाइज होतं. रक्तात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात, त्यामुळे तिथे त्याला बिघडायला फारसा वाव मिळत नाही.

एलडीएलचा कण साधारण 22 नॅनोमीटरचा असतो. धमनीच्या अस्तराच्या पेशी असे कण बारीक पिशव्यांत भरून पलीकडे सोडतात. हे प्रत्येकाच्या शरीरात रोज चालतं आणि आत गेलेले बरेचसे कण बाहेरही पडतात. रोग सुरू होतो तो अडकण्यापासून. प्रत्येक कणावर अपोबी नावाचं एकच मोठं प्रथिन असतं आणि त्याच्या काही भागांवर धन विद्युतभार असतो. अस्तराखालच्या थरात, म्हणजे इंटिमात, प्रोटिओग्लायकन नावाचे ऋणभारित रेणू पसरलेले असतात. दोघं एकमेकांना धरून ठेवतात. धमनीला फाटा फुटतो तिथे रक्ताचा प्रवाह घोटाळतो आणि इंटिमाही मुळात जाड असते. म्हणून मानेतल्या कॅरोटिडचा फाटा आणि हृदयाच्या एलएडी धमनीची सुरुवात या ठरलेल्या जागा.

अडकलेल्या कणावर आसपासच्या पेशींतली लिपॉक्सिजिनेज, मायलोपेरॉक्सिडेजसारखी एन्झाइम काम करू लागतात. कणातली स्निग्धाम्लं तुटतात आणि त्यांचे तुकडे अपोबीला चिकटतात. थोडंसं बिघडलेलं एलडीएलही अस्तराला चिथावतं. मग अस्तरावर व्हीकॅम-1 हे चिकट प्रथिन उगवतं, रक्तातल्या मोनोसाइट पेशी त्याला धरून आत उतरतात आणि मॅक्रोफेज बनतात.

यापुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साधं एलडीएल पेशीत घेणाऱ्या रिसेप्टरला ब्रेक असतो: पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ते रिसेप्टर कमी होतात. बिघडलेलं एलडीएल मात्र स्कॅव्हेंजर रिसेप्टरमधून आत जातं आणि त्याला हा ब्रेकच नाही. मॅक्रोफेज खातच राहतो, तेलाच्या थेंबांनी फुगतो आणि त्याची फोम सेल होते. अशा पेशींचे पिवळसर पट्टे तरुणपणीच दिसू लागतात. कोरियन युद्धात मेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांचं शवविच्छेदन 1953 साली प्रसिद्ध झालं. सरासरी वय 22, तरी 77 टक्क्यांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या होत्या.

पुढची दशकं साचण्याची. फोम सेल मरतात, त्यांचा कचरा पुरता उचलला जात नाही आणि कोलेस्टेरॉलचे स्फटिक असलेला मऊ गाभा तयार होतो. मधल्या थरातल्या स्नायूपेशी वर येऊन त्यावर कोलॅजनचं झाकण घालतात. धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. गाभा आणि झाकण मिळून झालेल्या या थराने, म्हणजे प्लाकने, धमनीच्या आतल्या क्षेत्रफळाचा सुमारे 40 टक्के भाग व्यापेपर्यंत रक्ताची वाट फारशी अरुंद होत नाही, हे 1987 साली दाखवलं गेलं. म्हणून प्लाक असूनही स्ट्रेस टेस्ट नॉर्मल येऊ शकते. झाकण 65 मायक्रॉनहून पातळ झालं की ते फाटण्याचा धोका वाढतो. ते फाटलं की गाभ्याचा रक्ताशी संपर्क येऊन गुठळी धरते. तोवर छातीत एकदाही दुखलं नसेल असंही होतं.

वर्षांचं गणित ढोबळ आहे, पण बोलकं आहे. एलडीएलच्या आकड्याला वर्षांनी गुणायचं: एलडीएल 125 असेल तर 50 वर्षांत 6250 'मिलिग्रॅम-वर्षं' साचतात. दोन्ही पालकांकडून फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया या जन्मजात जास्त कोलेस्टेरॉलच्या आजाराचं जनुक आलेल्या मुलाचं एलडीएल 500 असेल, तर तेवढाच आकडा साडेबारा वर्षांत गाठला जातो. अशा मुलांना उपचार न मिळाल्यास शाळकरी वयातही हार्ट अटॅक येतो.

आता व्हिटॅमिन ई. होप नावाच्या मोठ्या चाचणीत (2000) 9,000हून जास्त लोकांना साडेचार वर्षांच्या आसपास रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई किंवा प्लासिबो दिलं. हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू, कशातच फरक पडला नाही. उलट पीसीएसके9 जनुकातल्या बदलामुळे ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल जन्मापासून सुमारे 28 टक्के कमी होतं, त्यांच्यात हृदयधमनीचा आजार 88 टक्क्यांनी कमी आढळला. आत जाणारे कणच कमी करणं उपयोगी पडतं, तेही जितकं लवकर तितकं जास्त.

त्यामुळे ऑक्सिडाइज्ड एलडीएलच्या महागड्या तपासणीवर पैसे घालवू नका. नेहमीचं लिपिड प्रोफाइल करा. मधुमेह असेल किंवा ट्रायग्लिसराइड जास्त असतील, तर अपोबीही करून घ्या. एका कणावर एकच अपोबी असल्यामुळे त्यातून कणांची संख्या कळते, आणि अशा लोकांत एलडीएलचा आकडा बरा दिसत असतानाही कण जास्त असू शकतात.