बिट्वीन की अमंग, कंपेअर टू की कंपेअर विथ?

*प्रश्न: तीन गटांच्या गुणांवर इंग्रजीत शोधनिबंध लिहितेय. शाळेत शिकवलं होतं, दोघांसाठी बिट्वीन आणि दोघांपेक्षा जास्त असले की अमंग. मग सांख्यिकीच्या पुस्तकांत तीन गट असतानाही 'बिट्वीन ग्रुप्स' का छापतात? शिवाय मी 'कंपेअर्ड टू' लिहिलं की तपासणारे खोडून 'विथ' करतात. नेमका फरक काय?*

शाळेतला नियम डोकी मोजतो, पण शब्द ठरतो तो नातं कसं आहे यावरून. बिट्वीनच्या मुळाशी 'दोन' आहे हे खरं, तरी जुन्या काळापासून तो दोनांपेक्षा जास्तांसाठीही वापरला गेला आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या कोशात हाच दोन-आणि-अनेक असा भेद सांगितला, आणि तो नेहमी पाळला जात नाही असंही तिथेच नोंदवलं.

घटक सुटे दिसत असतील आणि नातं एकेकाचं एकेकाशी असेल तर बिट्वीन. घटकांचा एक घोळका म्हणून विचार असेल, कोण कोणाशी हे उलगडायचं नसेल तर अमंग. तीन देशांतल्या तहात प्रत्येक देश इतर दोघांशी बांधला जातो, म्हणून तिथे बिट्वीन. 'उत्तर देणाऱ्यांपैकी अमुक इतक्यांनी होकार दिला' यात नुसता समूह आहे, तिथे अमंगच हवं. मराठीत आपण दोन्हीकडे 'मध्ये' किंवा 'त' लावून मोकळे होतो, म्हणून हा भेद कानाला जाणवत नाही.

आता तुमचे तीन गट घेऊ. समजा, प्रत्येकात 30 जण आहेत आणि सरासरी गुण अ गटाचे 62, ब गटाचे 68, क गटाचे 69 आले. एफ चाचणी सिग्निफिकंट आली, तरी ती एवढंच सांगते की तिन्ही सरासऱ्या सारख्या नाहीत. फरक नेमका कुठे आहे, हे ती सांगत नाही. म्हणून त्या टप्प्यावर 'डिफरन्सेस अमंग द थ्री ग्रुप्स' हे शब्द चपखल बसतात. पुढे जोड्या तपासल्या आणि समजा अ-ब, अ-क या जोड्यांत फरक सिद्ध झाला, ब-क मध्ये झाला नाही. आता 'बिट्वीन ए अँड बी', 'बिट्वीन ए अँड सी' असं जोडीचं नाव घेऊन लिहायचं. पहिल्याच वाक्यात 'डिफरन्सेस बिट्वीन द ग्रुप्स' लिहिलं तर व्याकरण चुकत नाही, पण प्रत्येक जोडीत फरक सापडला असा वाचकाचा समज होऊ शकतो. ब आणि क मधला एका गुणाचा फरकही मग उगाच सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

तक्त्यातल्या 'बिट्वीन ग्रुप्स'ला मात्र हात लावू नका. ती ठरलेली संज्ञा आहे, 'विदिन ग्रुप्स'ची जोडीदार. एक गटागटांतली तफावत, दुसरी प्रत्येक गटाच्या आतली. तुमच्या तक्त्यात त्यांच्या स्वातंत्र्यमात्रा अनुक्रमे 2 आणि 87 येतील. तिथे 'अमंग' घातलंत तर तपासणारे ते परत बदलतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

कंपेअरचं कोडं मराठीतून लवकर सुटतं. एखाद्या गोष्टीला दुसरीची उपमा द्यायची असेल, 'हे त्यासारखं आहे' एवढंच म्हणायचं असेल, तर टू. हृदय पंपासारखं आहे असं सांगणारा हृदयाला पंपाशी कंपेअर 'टू' करतो. दोन गोष्टी शेजारी ठेवून साम्य आणि फरक दोन्ही ताडून पाहायचे असतील, तर विथ. शोधनिबंधात जवळपास सगळं काम ताडून पाहण्याचंच असतं, म्हणून तपासणाऱ्यांचा हात विथकडे जातो. 'कंपेअर्ड' हे रूप वाक्याला जोडून येतं तेव्हा रोजच्या इंग्रजीत टू सर्रास चालतं, त्याला ठाम चूक म्हणणं मला अतिरेकी वाटतं. तरी विथ लिहिलं की वादच उरत नाही.

टू-विथच्या वादात याहून मोठ्या दोन चुका निसटतात. पहिली, 'हायर कंपेअर्ड टू'. 'हायर' आलं की तुलना झालीच, पुढे फक्त 'दॅन' हवं. दुसरी, भलत्याच गोष्टींची तुलना. 'द स्कोअर्स ऑफ ग्रुप बी वर हायर दॅन ग्रुप ए' या वाक्यात गुणांची तुलना माणसांशी झाली. 'दॅन दोज ऑफ ग्रुप ए' लिहिलं की गुण गुणांसमोर येतात. टू बदलून विथ केल्याने हा घोळ सुटत नाही.

आणि जाता जाता, 'बिट्वीन 20 टू 30' नको. बिट्वीनला 'अँड' लागतं, 'टू' हवं असेल तर आधी 'फ्रॉम' घ्या.