लोकलमधल्या वैतागातून अ‍ॅप काढताना: माझे वाया गेलेले चौदा महिने

«मी मूळचा तासगावचा, तीन वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी अप-डाउन करतो. लोकलमध्ये रोज जे जे वैताग येतात त्यांची यादी केली, चाळीसच्या वर झाली. आयत्या वेळी प्लॅटफॉर्म बदलतो, बसायला जागा मिळेल का कळत नाही, डुलकी लागून स्टेशन जातं, असं बरंच. अँड्रॉइडचं थोडंफार येतं. यातला कोणता घेऊन अ‍ॅप करू? प्लॅटफॉर्म बदलाचं सगळ्यात भारी वाटतंय.»

प्लॅटफॉर्म बदलाचं वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. तेच घेऊन मी चौदा महिने घालवले. आता सांगलीला विश्रामबागेत बसून छोटी-मोठी अ‍ॅपची कामं करतो, पण तेव्हा ठाण्याला राहायचो आणि रोज दादरला जायचो. अ‍ॅप कसं बनवायचं, स्टोअरवर कसं चढवायचं हे तुम्हाला येत असेल असं धरतो. ते अवघड नाहीच. अवघड आहे ते यादी वाचणं.

माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं: «प्लॅटफॉर्म बदलला की आधी कळवणारं अ‍ॅप». चूक इथेच झाली. मी वैताग लिहिलाच नव्हता, थेट तोडगा लिहिला होता. त्यामुळे पुढचे चौदा महिने मी एकच प्रश्न विचारत राहिलो, ही बातमी मला कुठून मिळेल? त्या बातमीनं वैताग जाईल का, हे एकदाही विचारलं नाही.

बातमी होती एका कार्यालयात. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या खेपेला अर्ज घेतला, आवक क्रमांक दिला. दुसऱ्या खेपेला कळलं, अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर हवा. माझी कसली आलीय संस्था! गावाकडं आलो तेव्हा ओळखीच्या छापखान्यातून शंभर लेटरहेड छापून घेतले. तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. चौथ्याला «हा विषय आमच्याकडे येतच नाही, वरच्या मजल्यावर विचारा», आणि वरच्या मजल्यावरून परत खाली. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. शेवटी एका भल्या कारकुनानं सांगितलं, «कशाला फिरताय, हे असं बाहेर देत नाहीत». हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? असो. ९८ लेटरहेड अजून घरात आहेत, बायको त्यावर वाणसामानाची यादी लिहिते. (तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, नियमही बदलले असतील. मी फक्त माझं सांगतोय.)

पण खरा फटका कार्यालयानं दिला नाही, तो मीच मला दिला. एका संध्याकाळी दादरला जिन्याजवळ उभा होतो. घोषणा झाली, गाडी दुसऱ्या फलाटावर येणार. शंभरेक माणसं एकदम वळली आणि त्याच पुलावर चढली. पुढे एक बाई, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला पोरगं. जिन्यावर सगळं तुंबलं. मी मागे अडकलो, गाडी डोळ्यांसमोरून गेली. तेव्हा लख्ख कळलं. माझं अ‍ॅप झालं असतं आणि ती बातमी मला घोषणेच्या दहा सेकंद आधी मिळाली असती, तरी काय झालं असतं? मी तोच पूल, दहा सेकंद आधी चढलो असतो. आणि सगळ्यांकडे अ‍ॅप असतं तर सगळेच दहा सेकंद आधी तुंबले असते. वैताग बातमीचा नव्हता, पुलाच्या रुंदीचा होता. पूल काही फोनमधून रुंद होत नाही.

म्हणून आता यादी कशी वाचतो ते सांगतो. प्रत्येक नोंदीतला «अ‍ॅप» शब्द खोडायचा आणि घडलेलं तेवढंच लिहायचं. किती वाजता, कुठे उभा होतो, हात कुठे होते, फोन कुठे होता, नेमकं काय अडलं. डब्यात लिहिता येत नाही, तेव्हा उतरल्यावर पुलाखाली थांबून दहा सेकंदांची व्हॉइस नोट करा. संध्याकाळपर्यंत ठेवलंत तर डोकं त्याचं परत तोडग्यात रूपांतर करतं.

मग प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न. पहिला, त्या क्षणी हात मोकळा होता का? एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातानं पाठीवरची बॅग पुढे घेतलेली, अशा माणसाला फोन काढून तीन बटणं दाबायला सांगणारं अ‍ॅप मेलंच समजा. दारात लटकणाऱ्यासाठी तर काही बनवूच नका. रुळाकडेला काठी घेऊन हातातला मोबाइल पाडणारे असतात, फटका गँग तुम्हाला माहीतच असेल. दुसरा प्रश्न, अडलेली माहिती कोणाकडे आहे? स्वतःच्या फोनकडे असेल तर उत्तम. स्वतः फिरून गोळा करता येत असेल तर चालेल. दुसऱ्याच्या कपाटात असेल तर पान उलटा. हजारो प्रवाशांनी रोज भरावी लागत असेल तरी पान उलटा, कारण पहिल्या दिवशी तुमच्याकडे प्रवासी असणार बारा, आणि त्यातले आठ मित्र.

तुमचं जागेचं असंच आहे. «कुठे उतरणार?» हा प्रश्न लोकलमध्ये तोंडानं विचारला जातो, उत्तर दोन सेकंदांत येतं आणि जागा ठरून जाते. फोन त्याच्याहून लवकर काय सांगणार?

आता डुलकीचं बघा. तुम्ही ते तिसऱ्या नंबरावर टाकलंय, मी पहिल्यावर टाकलं असतं. माहिती म्हणजे आपण कुठे आहोत, ती फोनकडेच आहे. आणि हात मोकळा असण्याची गरज गाडीत बसल्यावर एकदाच, तेव्हा तो मोकळा असतोही. असली अ‍ॅप आधीच आहेत म्हणाल. आहेत, पण लोक तक्रारी काय करतात ते वाचा: वाजतंच नाही, किंवा स्टेशन गेल्यावर वाजतं. कारण साधं आहे. बनवणारा स्टेशनाभोवती एक वर्तुळ आखतो, ज्याला जिओफेन्स म्हणतात, आणि फोन वर्तुळात शिरला की वाजव म्हणतो. अँड्रॉइड ८ पासून बॅटरी वाचवायला मागे चाललेल्या अ‍ॅपला स्थान तासातून मोजक्याच वेळा मिळतं. त्यामुळे वर्तुळात शिरल्याची खबर दोन-तीन मिनिटं उशिरा येऊ शकते. घरी पोचल्यावर दिवा लावायचा असेल तर काही बिघडत नाही. लोकलमध्ये बिघडतं.

हिशोब करून बघा. संध्याकाळची फास्ट, घाटकोपर सुटली, तुम्हाला ठाण्याला उतरायचंय. मध्ये न थांबणारी असेल तर अंतर साधारण चौदा किलोमीटर. गाडी ताशी ७२ किलोमीटरनं धावत असेल तर मिनिटाला १.२ किलोमीटर. तुम्ही ठाण्याभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ आखलंत आणि खबर दोन मिनिटं उशिरा आली, तर तेवढ्या वेळात या वेगानं २.४ किलोमीटर होतात, आणि वर्तुळाच्या कडेपासून ठाणे तर एकच किलोमीटर. म्हणजे गाडी फलाटाला लागून लोक चढायला लागलेत, आणि खिशात आत्ता कुठे गजर वाजतोय.

वर्तुळ मोठं करून भागत नाही. स्लो गाडी तेच अंतर दुप्पट वेळात तोडते, सिग्नलला उभी राहिली तर विचारूच नका. मग गजर फारच आधी होतो आणि माणूस परत झोपतो. शिवाय गर्दीत उतरणाऱ्याला गाडी थांबताना उठून चालत नाही, दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकावं लागतं. म्हणून «ठाणे आलं» हा गजर नकोच. «पाच मिनिटांनी ठाणे» हा हवा. वर्तुळ टाकून द्या. उरलेलं अंतर आणि गेल्या मिनिट-दोन मिनिटांचा सरासरी वेग यावरून वेळ काढत राहा. वेग जवळजवळ शून्य झाला, म्हणजे गाडी उभी, तर जुनाच वेग धरा, नाहीतर आकडा अनंतात जातो (माझा गेला होता). आणि अंतर दोन किलोमीटरच्या आत आलं की हिशोब काही का म्हणेना, वाजवून मोकळे व्हा.

यासाठी स्थान सतत हवं. तिथे बरेच जण `ACCESS_BACKGROUND_LOCATION` मागतात आणि प्ले स्टोअरच्या परवानगीच्या अर्जात, व्हिडिओत अडकतात. गरज नाही. प्रवासी बसल्यावर स्वतः बटण दाबतो ना? मग अ‍ॅप समोर उघडं असतानाच फोरग्राउंड सर्व्हिस सुरू करा, वर कायम दिसणारी सूचना ठेवा, «ठाणे, ११ मिनिटं» अशी. मग «अ‍ॅप वापरताना» एवढी परवानगी पुरते. अँड्रॉइड १४ पासून `FOREGROUND_SERVICE_LOCATION` जाहीर करावं लागतं आणि कन्सोलमध्ये त्याचीही माहिती भरावी लागते, पण ते हलकं प्रकरण आहे. तरीही काही फोन स्वतःच्या बॅटरी-सेटिंगमुळे सर्व्हिस मारतात. ते तपासायला तुमच्या डब्यातलेच चार-पाच वेगवेगळे फोन लागतील.

चाचणी मात्र गाडीतच करा. मी शहाणपणा करून सांगलीला येताना महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये करत होतो. रात्रीची गाडी, दोन स्टेशनांत भरपूर अंतर, निवांत बर्थ. सगळं झकास चाललं. सोमवारी लोकलमध्ये फोन पोटाशी, बॅगेत, चहूबाजूंनी माणसं, आणि स्थान तीनशे मीटर इकडेतिकडे उडतंय. थरथर तर बॅगेतून कळलीच नाही. कानातल्या इअरफोनवर आवाज द्यायचं तेव्हा सुचलं.

एक जाता जाता. स्टेशनांची, फलाटांची माहिती अ‍ॅपमध्ये कायमची कोरून ठेवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला मध्य रेल्वेच्या बाजूचे फलाट ८ पासून पुढे मोजायला लागले, आणि माझ्या दुसऱ्या एका अ‍ॅपमधलं अर्धं दादर एका दिवसात खोटं ठरलं. सर्व्हरवर साधी फाइल ठेवा, तिथून वाचा.

आणि प्ले स्टोअरचं वैयक्तिक खातं नवीन काढणार असाल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. गावाकडच्या भावकीला त्यात घेऊ नका. सांगली-मिरज सिटी बसमध्ये कोणाला डुलकी लागणार? डब्यातला ग्रुप धरा, आणि त्यात दोघी-तिघी लेडीज डब्यातल्या असू द्या. त्यांची यादी आपल्यापेक्षा वेगळी निघते, माझ्या बहिणीनं मला ते बऱ्यापैकी तिखट शब्दांत सांगितलं होतं.

तुमच्या यादीतली डुलकीची नोंद जरा सविस्तर टाका. स्टेशन गेलं तेव्हा बसलेले होता की उभे, फोन खिशात होता की बॅगेत, आणि फास्ट होती की स्लो?